उभे महिने आडवे करताना: एका खर्चवहीतला तेरावा महिना

आमच्या मंडळाकडे इंदूरच्या एका जुन्या मराठी घरातून काही खर्चवह्या आल्या. घराचं नाव इथे देत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. वह्या शके १८६८ पासूनच्या, म्हणजे १९४६ च्या पाडव्यापासूनच्या. दर महिन्याच्या शेवटी एकूण खर्च काढलेला, आणि वर्षाच्या अखेरच्या पानावर सगळे महिने एकाखाली एक लिहून बेरीज मारलेली. चैत्र, त्याखाली वैशाख, त्याखाली ज्येष्ठ, असं फाल्गुनापर्यंत. वहीचं पान उभं असतं, म्हणून महिनेही उभेच.

एका वर्षाची वही वाचायला ही मांडणी सोयीची आहे. पण मला वर्षांची तुलना करायची होती. त्यासाठी महिने वरच्या ओळीत आडवे हवेत आणि वर्षं एकाखाली एक. मग आश्विनाच्या रकान्यावरून नजर खाली नेली की दर दिवाळीचा खर्च दिसतो, भाद्रपदाच्या रकान्यात गणपतीचा. काम अगदी किरकोळ वाटलं होतं. संगणकावर दोन मिनिटांत होतं, आणि झालंही. पुढचे दोन महिने मी एका चुकीच्या तक्त्यावर लेख लिहीत होतो. ती चूक कशी झाली आणि तक्ता शेवटी कसा उभा केला (की आडवा केला म्हणू?), ते सांगतो. असल्या वह्या अनेकांच्या घरात आहेत, म्हणून.

आधी रुपये-आणे-पैंचं बघू, कारण तक्ता फिरवायच्या आधी ते मिटवावं लागतं. वहीत रक्कम तीन आकड्यांत असते, उदाहरणार्थ १२-६-९. म्हणजे १२ रुपये, ६ आणे, ९ पै. ही रक्कम तशीच एका चौकटीत टाइप केली तर स्प्रेडशीट तिला तारीख समजतं आणि काहीतरी २००९ साल दाखवतं. तीन रकान्यांत लिहिली तर तारखेचा घोटाळा टळतो, पण तक्ता फिरवल्यावर एका वर्षाच्या तीन ओळी होतात आणि त्या वाचणं मुश्कील. म्हणून मी सगळं पैंमध्ये आणतो. १२ पैंचा आणा, १६ आण्यांचा रुपया, म्हणजे रुपयात १९२ पै. बी, सी, डी या रकान्यांत अनुक्रमे रुपये, आणे, पै असतील तर ई रकान्यात हे सूत्र:

```
=B2*192+C2*12+D2
```

परत रुपये-आणे-पै दाखवायचे झाले तर `=INT(E2/192)`, `=INT(MOD(E2,192)/12)` आणि `=MOD(E2,12)`. १ एप्रिल १९५७ नंतरच्या वह्यांत शंभर नव्या पैशांचा रुपया आहे, तिथे हे सूत्र लावू नका. आणखी एक: आकडे देवनागरीत टाइप केले तर माझ्या संगणकावर ते अक्षरं म्हणून धरले जातात आणि बेरीज शून्य येते. म्हणून भरताना इंग्रजी आकडे वापरा, छापताना हवं तर बदला.

आता फिरवणं. उभा तक्ता निवडून कॉपी करायचा, रिकाम्या जागी किंवा नव्या पानावर जायचं, आणि साधं पेस्ट न करता `Paste Special` मधून `Transpose` निवडायचं. लिबरऑफिसमध्येही तेच नाव आहे, गूगल शीट्समध्ये `Transposed`. पहिली ओळ पहिला रकाना होते, दुसरी ओळ दुसरा रकाना. मूळ तक्त्यावरच पेस्ट करू नका. मूळ तसाच ठेवावा, पुढे पडताळायला तोच लागतो. बेरजेची ओळ मी आधी काढून टाकतो आणि नव्या तक्त्यात नव्याने मारतो, म्हणजे सूत्रांची ओढाताण होत नाही.

दुसरी पद्धत `=TRANSPOSE(A1:B13)` या सूत्राची. हिचा फायदा असा की मूळ आकडा दुरुस्त केला की फिरवलेल्या तक्त्यातही तो बदलतो. पण एक्सेलमध्ये हिची एक खोड आहे: मूळ चौकट रिकामी असेल तर फिरवलेल्या तक्त्यात तिथे ० येतो. कोणी म्हणेल, त्यात काय बिघडलं? आमच्या वहीत शके १८७० च्या माघाचं पान वाळवीने खाल्लंय. तिथला खर्च शून्य नाही, तो आपल्याला ठाऊक नाही. शून्य छापलं की पुढचा वाचणारा म्हणणार, माघात घर बंद होतं वाटतं. म्हणून जुन्या वह्यांसाठी मी पेस्टचीच पद्धत वापरतो.

इथवर सगळं सुरळीत होतं. शके १८६८ चा तक्ता फिरवला. वर बारा महिन्यांची नावं, खाली आकडे. मग शके १८६९ चा फिरवायचा होता. मथळ्याची ओळ आधीच आलेली, ती पुन्हा कशाला, म्हणून मी दुसऱ्या वर्षाचा नुसता आकड्यांचा रकाना कॉपी केला आणि पहिल्या वर्षाच्या खाली आडवा टाकला. माझी चूक नेमकी इथे झाली. त्या वेळी ती आळसाचीही वाटली नाही, उलट नीटनेटकेपणाची वाटली.

ओळ एका चौकटीने लांब निघाली. फाल्गुनाच्या उजवीकडे, मथळा नसलेल्या जागी, एक आकडा लोंबत होता: ६४. (समजायला सोपं जावं म्हणून इथे आकडे पूर्ण रुपयांत आणि थोडे सरळ करून देतो.) मला वाटलं, वहीत शेवटी शिल्लक लिहिलेली असते, ती चुकून आली असणार. खोडून टाकली. मग वर्षाची बेरीज मारली तर ८४१ आली, आणि वहीत ९०५. फरक नेमका ६४. मग तो आकडा परत ठेवला, बेरीज जुळली, आणि मी समाधान मानलं. जमाखर्च लिहिणाऱ्यांच्या घरात वाढलोय, बेरीज जुळली की हिशोब बरोबर हे डोक्यात पक्कं बसलेलं.

तक्त्याचा मधला भाग असा दिसत होता:

| शके | आषाढ | श्रावण | भाद्रपद | आश्विन | कार्तिक |
|---|---|---|---|---|---|
| १८६८ | ५५ | ६६ | ७४ | ९८ | ६९ |
| १८६९ | ५७ | ७९ | ६८ | ७६ | १०३ |

आश्विनाकडे बघा. १८६८ मध्ये ९८, १८६९ मध्ये ७६. शके १८६९ म्हणजे १९४७-४८. स्वातंत्र्य मिळालेलं, फाळणी झालेली. मला लेखाचा विषयच सापडला: त्या वर्षी इंदूरच्या मराठी घरांनी दिवाळी आवरती घेतली. कार्तिकाचे १०३ मात्र खटकत होते. पण माणसाला एकदा गोष्ट आवडली की तो खटकणाऱ्या आकड्यालाही कामाला लावतो. मी लिहिलं की दिवाळीची खरेदी लांबणीवर टाकून बेताबेताने केली असावी. श्रावणातल्या ७९ वर तर, स्वातंत्र्यदिनाचा आनंद, असं अर्धं पान लिहून झालं होतं.

मंडळाच्या बैठकीत हा तक्ता दाखवला तेव्हा आमच्यातल्या सर्वांत वडील सभासद बाईंनी चष्मा वर करून विचारलं, "अहो, यात अधिक महिना कुठेय?"

मी म्हटलं, "कुठला अधिक?"

"पंधरा ऑगस्टला अधिक श्रावण नव्हता का? माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न आधीच्या वैशाखात झालं होतं, आणि पहिला धोंड्याचा महिना म्हणून जावयाला वाण दिलं होतं. तेहतीस अनारसे. ऐन झेंडावंदनाच्या गडबडीत."

मी वही उघडली. अखेरच्या पानावर आषाढाखाली स्पष्ट लिहिलं होतं: अ. श्रावण. त्याखाली श्रावण. ओळी तेरा. मी नावांचा रकाना सोडून नुसते आकडे उचलले होते, त्यामुळे ते 'अ.' मागेच राहिलं.

ज्यांच्या डोक्यात हे पटकन येत नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. बारा चांद्र महिने मिळून साधारण ३५४ दिवसांचं वर्ष होतं, सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. हा फरक साठत जातो, आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक जादा महिना धरून तो भरून काढतात. ज्या चांद्र महिन्यात सूर्य रास बदलत नाही तो अधिक, आणि त्याला पुढच्या महिन्याचं नाव मिळतं. पुढचा खरा महिना तो निज. १९४७ साली अधिक श्रावण जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात लागला आणि १६ ऑगस्टला संपला. १५ ऑगस्ट म्हणजे अधिक श्रावण वद्य चतुर्दशी. त्या वर्षी पुढचे सगळे सण इंग्रजी तारखांच्या हिशेबात उशिरा आले, दिवाळी १२ नोव्हेंबरला आली.

म्हणजे माझ्या तक्त्यात पाचव्या जागेपासून पुढे १८६९ चा प्रत्येक आकडा एक घर उजवीकडे सरकलेला होता. 'श्रावणा'खालचे ७९ हे अधिक श्रावणाचे. 'भाद्रपदा'खालचे ६८ हे निज श्रावणाचे. 'आश्विना'खालचे ७६ हे भाद्रपदाचे, म्हणजे गणपतीचे. आणि कार्तिकाखाली मला खटकलेले १०३ हीच त्या वर्षीच्या आश्विनातली, दिवाळीची रक्कम. उजवीकडे लोंबणारे ६४ हा तर बिचारा फाल्गुन. दिवाळी आवरती घेतलेली नव्हती, ९८ वरून १०३ वर गेली होती. माझा लेख तिथेच संपला.

यात बेरजेने मला का सावध केलं नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. आकडे डावी-उजवीकडे सरकवले तरी ओळीची बेरीज बदलत नाही. बेरीज एवढंच सांगते की काही गळलं नाही आणि काही दोनदा आलं नाही. आकडा योग्य नावाखाली आहे का, हे ती सांगूच शकत नाही. त्यासाठी दुसरी खूण लागते. मी आता प्रत्येक वर्षात दोन ठराविक सण शोधतो. वहीत 'गणपतीची मूर्ती' ज्या महिन्यात लिहिलीय तो महिना तक्त्यात भाद्रपदाखाली आहे का, आणि पणत्या, उटणं, फटाके आश्विनाखाली आहेत का, ते ताडून बघायचं. एक सण जुळला आणि दुसरा नाही, तर घसरण त्या दोहोंच्या मध्ये झालेली असते. एवढ्यावरून चुकीची जागाही सापडते.

मग तक्ता नव्याने केला, आणि या वेळी जागेवरून न फिरवता नावावरून भरला. त्यासाठी आधी एक लांब यादी केली. तीन रकाने: शके, महिना, रक्कम. १८६८ च्या बारा ओळी, त्याखाली १८६९ च्या तेरा, त्याखाली १८७० च्या अकरा, कारण वाळवीने खाल्लेल्या माघाची ओळ मी यादीत घातलीच नाही. या पानाला नाव दिलं 'यादी'. दुसऱ्या पानावर पहिल्या ओळीत महिने आडवे लिहिले, आषाढ आणि श्रावण यांच्या मध्ये 'अधिक श्रावण' हा स्वतंत्र रकाना ठेवून. पहिल्या रकान्यात शके उभे. मग बी२ या चौकटीत हे सूत्र लिहून उजवीकडे आणि खाली ओढलं:

```
=IF(COUNTIFS('यादी'!$A:$A,$A2,'यादी'!$B:$B,B$1)=0,"",
 SUMIFS('यादी'!$C:$C,'यादी'!$A:$A,$A2,'यादी'!$B:$B,B$1))
```

सूत्राचा अर्थ साधा आहे. या ओळीचं वर्ष आणि या रकान्याचा महिना, अशी जोडी यादीत आहे का बघ. नसेल तर चौकट रिकामी सोड, असेल तर तिची रक्कम आण. त्यामुळे १८६८ आणि १८७० या वर्षांत अधिक श्रावणाची चौकट कोरी राहते, आणि १८७० च्या माघाचीही. त्या माघाखाली मी हाताने 'पान नाही' असं लिहिलं, नाहीतर दोन्ही कोऱ्या चौकटी सारख्याच दिसतात. एक महिना मुळात नव्हता, दुसरा होता पण त्याचा कागद गेला.

नावावरून भरण्यातही एक गोम आहे. नाव अक्षरशः सारखं असावं लागतं. यादीत कुठे 'आश्विन' तर कुठे 'अश्विन', कुठे 'ज्येष्ठ' तर कुठे 'जेष्ठ', किंवा शब्दामागे एखादी मोकळी जागा राहिली, की ती रक्कम तक्त्यात येतच नाही आणि काही तक्रारही होत नाही. चौकट नुसती कोरी दिसते. इथे मात्र बेरीज उपयोगी पडते: रक्कम गळली तर ओळीची बेरीज वहीपेक्षा कमी भरते. पहिल्या पद्धतीत बेरजेने फसवलं, या पद्धतीत तीच राखण करते. पिव्होट टेबल वापरूनही हे काम होतं, पण ते महिने अकारविल्हे लावतं, आषाढानंतर थेट कार्तिक आणि मग चैत्र. नावांआधी क्रमांक जोडावे लागतात. तीन-चार वर्षांसाठी मला वरचं सूत्रच बरं वाटतं.

वर्षं जास्त असतील तर अधिक महिना दर वेळी वेगळा येतो, आणि प्रत्येकासाठी मध्ये रकाना घालत गेलो तर तक्ता विरळ होतो. अशा वेळी फाल्गुनानंतर एकच 'अधिक' रकाना ठेवावा आणि त्याच्या शेजारी कुठला अधिक ते नाव लिहावं. अधिकाची रक्कम निजात मिळवू नये असं माझं मत आहे. धोंड्याच्या महिन्याचा खर्च वेगळ्या जातीचा असतो: जावयाचं वाण, दानधर्म, आणि लग्नकार्य मात्र काही नाही. ते मिसळलं की दोन्ही महिने अनोळखी होतात. वर्षांच्या एकूण रकमा ताडतानाही हे लक्षात ठेवायला हवं. ७९५ वरून ९०५ म्हणजे जवळपास १४ टक्के वाढ दिसते. पण एक वर्ष बारा महिन्यांचं आहे, दुसरं तेरा. महिन्यामागे काढलं तर ६६ रुपये आणि काही आणे, ते सुमारे साडेएकोणसत्तर, म्हणजे वाढ पाच टक्क्यांच्या आसपास.

आपल्याकडच्या, म्हणजे माळव्यातल्या आणि ग्वाल्हेरकडच्या वह्यांत आणखी एक पेच असतो. घर मराठी असलं तरी मुनीम स्थानिक असे, आणि तो आपल्या रीतीने महिना धरी. आपला महिना अमावास्येला संपतो, त्याचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचं नाव एकच, पण वद्य पक्षात त्याचा महिना एका नावाने पुढे असतो. आपलं आश्विन वद्य ते त्याचं कार्तिक वदी. लक्ष्मीपूजनाचा खर्च अशा वहीत कार्तिकात सापडतो, आणि त्यात चूक कुणाचीच नाही. अधिक मासाच्या वर्षी तर त्याच्या श्रावणाचे दोन तुकडे होतात: आधी निज श्रावणाची वदी, मग पूर्ण अधिक महिना, मग निजाची सुदी.

ओळखायचं कसं? महिन्याच्या पानावर आधी वदी आणि मग सुदी आली असेल तर वही पौर्णिमेला संपणाऱ्या महिन्यांची. अशी वही आपल्या घरच्या वहीशेजारी त्याच तक्त्यात बसवता येत नाही. महिन्याची एकच बेरीज दिलेली असेल तर ती अर्धी कुठे तोडायची हे कळायला मार्ग नाही. रोजकीर्द शिल्लक असेल तरच पंधरवड्यांच्या बेरजा काढून त्या पुन्हा जोडता येतात. आमच्या घराच्या संवत २००४ च्या दोन वह्या अशाच आहेत, आणि त्यांची रोजकीर्द मिळालेली नाही. त्यांचा तक्ता मी वेगळाच ठेवलाय. वडोदऱ्याच्या मित्रांसाठी एवढंच, की गुजरातेतलं विक्रम संवत कार्तिकात सुरू होतं. त्यामुळे १९४७ चा तो अधिक श्रावण तिकडच्या वहीत २००३ मध्ये आणि आमच्या मुनिमाच्या वहीत २००४ मध्ये सापडेल. तिथे आडव्या मथळ्याची सुरुवातच कार्तिकापासून करावी, वर्ष मधून तोडू नये.

दुरुस्त तक्ता पुढच्या बैठकीत मांडला. बाईंनी अधिक श्रावणाच्या रकान्यावर बोट ठेवलं, ७९ वाचलं आणि विचारलं की यात अनारशांचं सामान किती रुपयांचं होतं. रोजची नोंद काढून बघितली. तांदूळ, गूळ, खसखस आणि तूप मिळून ४ रुपये ११ आणे.